अंत्ययात्रा, ताफा आणि रुग्णवाहिका : मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे चालक आणि प्रशिक्षक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी वाहतूक शाखेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो असून नोकरीतली शेवटची बरीच वर्षे एका जिल्ह्याच्या गावी चौकातल्या पॉइंटवर काढली आहेत. निवृत्तीनंतर गेल्या वर्षी माझ्या नातीला आपल्यापैकीच एकांकडे गाडी शिकायला घातले. एके दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "आजोबा, सर म्हणाले, अंत्ययात्रा दिसली की गाडी बंद करून थांबायचं, नाहीतर दंड होतो. आणि मंत्र्यांच्या गाड्या आल्या की ॲम्ब्युलन्ससारखीच वाट द्यायची, नाहीतर दहा हजार." या दोन वाक्यांत कायदा कमी आणि ऐकीव गोष्टी जास्त होत्या. तिच्या प्रशिक्षकांना मी दोष देत नाही, कारण पोलिसांत असूनही मी स्वतः बरीच वर्षे यातले निम्मेअधिक असेच समजत होतो. तो समज एका दुपारी मोडला. ती दुपार पुढे सांगतो, आधी कायद्यात काय लिहिले आहे ते सांगतो.

दहा हजारांपासून सुरुवात करू, कारण विद्यार्थ्यांच्या लक्षात तेवढाच आकडा राहतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४-ई हे कलम आले. अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य शासनाने निर्दिष्ट केलेले अन्य आपत्कालीन वाहन जवळ येत असताना जो चालक आपले वाहन रस्त्याच्या कडेला घेणार नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमात मंत्री नाहीत, पदाधिकारी नाहीत, ताफा नाही आणि अंत्ययात्राही नाही. गाडीच्या बॉनेटवर झेंडा असणे, काचेवर पक्षाचे चिन्ह असणे किंवा आत बसलेल्या माणसाला झेड दर्जाची सुरक्षा असणे यांपैकी कशानेही ती गाडी या कलमापुरती आपत्कालीन वाहन होत नाही. लाल दिव्याचेही तसेच आहे. १ मे २०१७ पासून राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यासह सर्वांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, आणि हे अजून पुष्कळ लोकांना ठाऊक नाही. वेगवेगळ्या स्वरांत वाजणाऱ्या भोंग्यांना केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ वा नियम सर्वसाधारणपणे मज्जाव करतो. रुग्णवाहिका, अग्निशमन, बचावकार्य, कर्तव्यावर असलेले पोलीस अशा थोड्यांनाच त्यातून सूट आहे, आणि त्यांनाही नोंदणी अधिकाऱ्याने मान्य केलेलाच आवाज चालतो. तेव्हा खाजगी गाडीला सायरन लावून कोणी मागून आले, तर नियम तोच मोडत असतो.

मग ताफा आला की आपण थांबतो ते कशामुळे? थांबतो ते चौकातल्या हवालदाराच्या हातामुळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे प्रत्येक चालकाने रस्त्यावर वाहतूक नियंत्रणाचे काम करणाऱ्या पोलिसाच्या सूचना पाळल्या पाहिजेत, आणि न पाळल्यास कलम १७९ खाली दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात पोलिसांना रस्त्यावरील माणसे आणि मिरवणुका यांना निर्देश देण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधूनही मिळतो. म्हणजे ताफ्याला जी वाट मिळते ती पोलिसाच्या इशाऱ्याने मिळते, त्या गाड्यांना ती जन्मजात नसते. हा फरक केवळ वकिली नाही. समजा, चौकात पोलीस नाही, सिग्नल हिरवा आहे आणि मागून चार पांढऱ्या गाड्या हॉर्न वाजवीत येत आहेत. अशा वेळी आपल्या विद्यार्थ्याने गोंधळून दुभाजकावर चाक चढवण्याचे किंवा लाल सिग्नल तोडून पुढे पळण्याचे कारण नाही. सुरक्षितपणे डावीकडे सरकणे हा शहाणपणा आहे, तेवढा करावा. आणि जिथे पोलिसाने हात आडवा केला आहे तिथे ताफा कुणाचा आहे हे न पाहता थांबावे, कारण आदेश हातात आहे, गाडीत नाही.

सिग्नलचा विषय निघालाच आहे तर त्याचे इथेच संपवतो, कारण मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. लाल दिव्यावर आपण पहिल्या ओळीत उभे आहोत आणि मागे रुग्णवाहिका आली, तर काय करावे? १९४-ई कडेला घ्यायला सांगते, लाल दिवा तोडायला सांगत नाही, आणि लाल दिवा तोडणे हे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ पासून नाव घेऊन घातलेले आहे. म्हणून थांबरेषेच्या आतल्या आत आपली गाडी तिरकी करून, डावी-उजवी कड धरून मध्ये जितकी फट होईल तितकी करावी. पोलीस पुढे बोलावीत असेल तरच रेषा ओलांडावी. दोन गाड्या एकमेकींपासून हात-हातभर सरकल्या तरी रुग्णवाहिका त्यातून निघते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. फट न होण्याचे खरे कारण असे असते की प्रत्येक जण पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून उभा असतो आणि वळायला जागाच उरलेली नसते. पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर ठेवून थांबायला पहिल्या आठवड्यातच शिकवाल, तर हा प्रश्न अर्धा सुटेल.

आता अंत्ययात्रा. मोटार वाहन कायद्यात अंत्ययात्रेला वेगळा हक्क कुठेही दिलेला नाही. ती दिसताच गाडी बंद करावी, खाली उतरावे, मागेच राहावे असे काहीही त्यात लिहिलेले नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अंत्ययात्रेच्या गाड्यांना चौकात अग्रक्रम देणारे कायदे आहेत, आणि तिकडच्या नातेवाइकांकडून फिरत आलेले संदेश इकडचाच कायदा समजून पुढे ढकलले जातात, हे या समजुतीचे एक मूळ मला सापडले. दुसरे मूळ आपल्या रिवाजात आहे. तिरडीला आडवे जाऊ नये, दिसली की पादत्राणे काढून क्षणभर हात जोडावेत, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडते. ते मलाही प्रिय आहे, पण त्याला दंडाची भीती जोडणे म्हणजे रिवाजाचाही अपमान आहे.

कायदा मात्र अंत्ययात्रेला अगदी वाऱ्यावर सोडत नाही. तिचे रक्षण दुसऱ्या जागी आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३०१ व्या कलमात, पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेच्या २९७ मध्ये, अंत्यविधीसाठी जमलेल्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे, पण त्यासाठी भावना दुखावण्याचा किंवा धर्माचा अपमान करण्याचा हेतू, किंवा तसे होईल याची जाणीव, असावी लागते. गर्दीत नाइलाजाने हॉर्न दाबणारा त्यात सापडत नाही. मुद्दाम तिरडीच्या बाजूने हॉर्न वाजवीत, शिव्या देत जाणारा सापडू शकतो. आणखी एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मुंबईत पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीचे आदेश वारंवार निघतात. पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला आणि मिरवणुकीला मनाई करणाऱ्या त्या आदेशात लग्नसमारंभाबरोबर अंत्यविधी आणि स्मशानाकडे जाणारी अंत्ययात्रा वगळलेली असते. म्हणजे राज्यालाही हे एक जाणे अडवायचे नसते. तरी मनाईतून वगळलेली यात्रा रस्त्याच्या नियमांतून वगळलेली नसते. मार्ग कोणता घ्यावा, रस्त्याची कोणती बाजू धरावी हे पोलीस सांगू शकतात आणि ते पाळावे लागते. ब्रिटिश अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने धार्मिक मिरवणुकीला सार्वजनिक रस्त्याने जाण्याचा हक्क मान्य केला, तोही वाहतूक नियमनाचे स्थानिक अधिकाऱ्यांचे आदेश आणि इतर लोकांचे हक्क यांच्या अधीन राहूनच. रस्ता मिरवणुकीचाही आहे आणि तिच्या मागे अडकलेल्याचाही आहे.

मिरवणुकीजवळून जाणाऱ्या चालकासाठी १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत, म्हणजे 'रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स' मध्ये, २७ वा नियम होता. मिरवणूक, कूच करणारी लष्कराची किंवा पोलिसांची तुकडी, अथवा रस्त्याची दुरुस्ती करणारे कामगार यांच्या बाजूने जाताना वा ते समोरून येत असताना वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त नको, एवढेच त्यात होते. शिकाऊ परवान्याच्या प्रश्नसंचांत हा प्रश्न आपण पाहिला असेल. २०१७ मध्ये ती नियमावली जाऊन नवी आली, पण २५ हा आकडा मी माझ्या पुतण्या-भाच्यांना अजून पाठ करायला लावतो, कारण त्यामागचा हिशेब जुना होत नाही. ताशी २५ ला गाडी एका सेकंदात सुमारे ७ मीटर जाते. समोर कोणी आडवे आले हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद जातो, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ४ मीटर लागतात, म्हणजे एकूण ११ मीटरच्या आसपास. तेच ताशी ५० ला सुमारे २८ मीटर होते. अंत्ययात्रेतला किंवा दिंडीतला माणूस आपल्याला पाहतच नसतो. त्याचे लक्ष खांद्यावरच्या भाराकडे, टाळाकडे किंवा पुढच्याच्या पावलाकडे असते, आणि रांगेत दगड आला, खड्डा आला की तो बाजूला पाऊल टाकतो, मागे न पाहता. २८ मीटर लागणाऱ्या गाडीला त्या पावलाशी स्पर्धा करता येत नाही. आणि काही अनर्थ झालाच, तर वेगाचा आकडा कोणत्या नियमात होता यावर वाद घालून सुटका होत नाही. कलम १८४ वाहन धोकादायक वेगाने वा रीतीने चालवले का हे त्या जागेची स्थिती, वापर आणि तिथली अपेक्षित रहदारी पाहून ठरवते.

चालणाऱ्या तुकडीबद्दल मला जास्त सांगावेसे वाटते, कारण आपल्या राज्यात दर आषाढी-कार्तिकीला रस्ते पायी चालणाऱ्यांचे होतात. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ कोल्हापूरकडून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. त्या घटनेची चर्चा मला इथे करायची नाही, फक्त वेळ आपल्या ध्यानात आणून द्यायची आहे. दिवस मावळताना डांबर आणि माणूस एका रंगाचे होतात. पायी चालणारी रांग बहुधा डाव्या बाजूनेच चालते, म्हणजे गाडी तिच्या पाठीकडून येते आणि चेहरे नाहीत, पाठीच दिसतात. आमच्या प्रशिक्षणात तुकडी रस्त्याने नेताना सर्वांत मागच्या दोघांकडे लाल झेंडा आणि अंधार पडल्यावर कंदील असे. दिंडीच्या शेवटी तसे कोणी असतेच असे नाही, त्यामुळे तो झेंडा चालकाने आपल्या डोक्यात ठेवावा लागतो. पहिला वारकरी दिसला की मागे किमान पन्नास आहेत असे समजून गाडी वळणाआधी हळू करावी. कूच करणाऱ्या तुकडीच्या मधून दुचाकी काढणे कसे चुकते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ओळीत फट दिसते ती पाऊल लांब पडल्यामुळे असते आणि पुढच्याच क्षणी ती मिटते. गाडी थांबवून शेवटचा माणूस जाईपर्यंत वाट पाहण्याला दोन-तीन मिनिटे लागतात, क्वचितच जास्त.

आता ती दुपार. आमच्या चौकात पूर्वेकडून मुख्य रस्ता येतो आणि उत्तरेकडून पेठेची अरुंद गल्ली उतरते. त्या गल्लीच्या तोंडाशी, पिंपळाच्या पारापाशी, विसाव्याची जागा आहे. तिथे तिरडी टेकवतात आणि खांदेकरी बाजू बदलून पुढे निघतात. एका मोठ्या पाहुण्याचा ताफा येणार होता आणि माझ्या वॉकी-टॉकीवर संदेश आला की पायलट गाडी दोन मिनिटांत येते, मूव्हमेंट सुरू करा. मी पूर्वेचा रस्ता रोखला. त्याच वेळी गल्लीतून दीड-दोनशे माणसांची अंत्ययात्रा उतरली. पुढे हातात मडके घेतलेला मुलगा, मागे खांद्यावर तिरडी. मी त्यांनाही हात केला, आणि ती माणसे मुकाट्याने विसाव्यावर थांबली. ताफा दोन मिनिटांऐवजी सहा मिनिटांनी आला. त्या सहा मिनिटांत पूर्वेच्या रांगेत चाळीसेक गाड्यांच्या मागे रुग्णवाहिका येऊन अडकली होती. तिचा सायरन मला ऐकू येत होता आणि मी मनाशी म्हणत होतो, ताफा जाऊ दे, मग सोडतो. ताफा गेला, मी हात काढला आणि रुग्णवाहिका निघाली. तिच्यात कोण होते ते मला कळले नाही. पुढे चौकशीही झाली नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमच्यातल्या एका ज्येष्ठाने विचारले, "सायरन ऐकू येत होता ना तुला?" मी म्हणालो, संदेश आला होता. ते म्हणाले, संदेशात रुग्णवाहिका अडव असे होते का? नव्हते. मूव्हमेंट सुरू करा एवढेच होते, बाकी मी घाबरून घातले होते. मी नियमावली काढून वाचली ती त्यानंतर. २०१७ च्या नियमावलीत आपत्कालीन वाहनांचा क्रम लावलेला आहे : आधी अग्निशमन गाडी, मग रुग्णवाहिका, त्यानंतर पोलीस वाहन. ताफ्याच्या पुढे धावणारी पायलट गाडी फार झाले तर पोलीस वाहन असते, म्हणजे या रांगेत रुग्णवाहिकेच्या मागे. कागदावर हा क्रम सरळ आहे. चौकात तो सरळ राहत नाही, कारण पायलट गाडी डोळ्यासमोर असते आणि रुग्णवाहिका चाळीस गाड्यांच्या मागे.

तीच वेळ आज आली तर मी काय करीन ते सांगतो. सायरन ऐकू येताच पूर्वेच्या रांगेतल्या पहिल्या पाच-सहा गाड्या हाताने बोलावून डावीकडच्या दुकानांच्या पट्ट्यावर घेईन, त्यांच्या मागच्या आपोआप सरकू लागतात. अंत्ययात्रेतल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलेन. प्रत्येक यात्रेत असा एक असतो, त्याच्या शब्दावर खांदेकरी थांबतात आणि चालतात. त्याला सांगेन की विसाव्यावर दोन मिनिटे जास्त घ्या, आणि मग रस्त्याची डावी अर्धी बाजू धरून चला. बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत, विचारले तर. आणि वॉकी-टॉकीवर एक वाक्य सांगेन : चौकात रुग्णवाहिका आहे, तिला काढून मार्ग मोकळा करतो. पायलट गाडीला त्यासाठी फार तर अर्धा मिनिट वेग कमी करावा लागतो.

आपण पोलीस तयार करीत नाही, चालक तयार करता, हे मला कळते. पण त्या दुपारी त्या रांगेतल्या चाळीस गाड्यांत चाळीस चालक होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही स्वतःहून गाडी कडेला घेतली नाही, कारण पोलिसाने थांबवले आहे म्हणजे जागचे हलायचे नाही, असे त्यांना वाटले. आदेश पुढे न जाण्याचा होता, कडेला न सरकण्याचा नव्हता. थांबवलेल्या रांगेतही १९४-ई लागूच असते, एवढे आपण शिकवा. शववाहिकेबद्दलही एक वाक्य जोडा. ती रुग्णवाहिका नाही, भोंग्याच्या नियमातल्या सवलतीत तिचे नाव नाही. मात्र रुग्णवाहिकेतूनच मृतदेह नेला जात आहे की काय, हे तपासण्याचे काम रस्त्यावरच्या चालकाचे नाही, सायरन आणि दिवा चालू असेल तर वाट द्यावी.

आपल्यापैकी जे मैदानावर शंकू मांडून शिकवतात त्यांना माझी एक सूचना आहे. शंकूंच्या ओळीत पाच विद्यार्थी एकामागून एक चालवा आणि शिकणाऱ्याला त्यांच्या बाजूने, दुसऱ्या गिअरमध्ये, वेगकाटा २५ च्या आत ठेवून गाडी न्यायला लावा. चालणाऱ्यांपैकी एकाला आधीच सांगून ठेवा की मध्येच एक पाऊल बाजूला टाक, गाडी पुरेशी लांब असताना. दुसऱ्या वेळी पाच गाड्या ओळीत उभ्या करून मागून हॉर्न वाजवा आणि मध्ये फट करायला लावा. माझ्या गावापासून बसने तासाभरात पोहोचता येईल अशा कोणत्याही मैदानावर या दोन गोष्टी दाखवायला मी येईन. फक्त सकाळी बोलवा, दुपारच्या उन्हात आता फार वेळ उभे राहवत नाही.

आपला,
एक निवृत्त वाहतूक हवालदार